स्लॅबच्या गोण्या जुळेनात

आमच्या पहिल्या घराच्या इस्टिमेटमध्ये स्लॅबला सिमेंटच्या 80 गोण्या होत्या, मिस्त्री म्हणाले शंभरच्या वर गेल्या. बायकोने रिकाम्या गोण्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून मोजले: 103. मिस्त्री खरं बोलत होते.

मग हिशोब तपासला. 80 चौरस मीटर स्लॅब, जाडी 125 मिलिमीटर, म्हणजे 10 घनमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 अशा मालाला घनमीटरमागे सिमेंटच्या 50 किलोच्या साधारण 8 गोण्या लागतात. 80 बरोबरच! पण स्लॅबखाली उतरणारे बीम धरलेच नव्हते. 40 मीटर लांबी, 0.23 रुंदी, 0.30 खोली, 2.76 घनमीटर, म्हणजे 22 गोण्या. उरलेली एक सांडलवंडीत गेली असणार. इंजिनिअरकडून इस्टिमेटमध्ये बीमची वेगळी ओळ घालून घेतली. जिनाही सुटला होता, तोही लगेच धरला.