सेफ्टी कमिटीच्या मिनिट्समधून प्रलंबित कामांची मासिक टिपणी कशी काढावी

प्लँट मॅनेजरसाठी टिपणी करायला बसलं की आपण शेवटच्या बैठकीची मिनिट्स उघडतो आणि त्यातले 'बाकी' मुद्दे उतरवून काढतो. मात्र सगळ्यात जास्त रखडलेलं काम नेमकं त्या मिनिट्समध्ये नसतं. दोन-तीन बैठकांत त्याचा उल्लेख होतो आणि पुढच्या बैठकीत ते कुणी काढतच नाही. काम झालेलं नसतं, फक्त कागदावरून गळालेलं असतं.

म्हणून निदान मागच्या चार बैठकांची मिनिट्स समोर ठेवा आणि जुन्यापासून वाचत या. प्रत्येक कामाला एक ओळ द्या. काम कोणतं, कुणाकडे, पहिल्यांदा दिलेली मुदत कोणती, ती किती वेळा पुढे ढकलली आणि मिनिट्समध्ये त्याबद्दल शेवटचं वाक्य काय आहे, एवढं त्या ओळीत हवं. पहिली मुदत कधीही खोडू नका. नवी तारीख जुनीच्या जागी लिहिली, तर तीन महिने लांबलेलं कामसुद्धा वेळेत चाललेलं दिसतं.

एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारीच्या मिनिट्समध्ये लिहिलंय: 'कन्व्हेयर ३ च्या टेल पुलीला गार्ड नाही. मेंटेनन्सने बसवावा. मुदत १५ मार्च.' मार्चमध्ये: 'काम प्रगतिपथावर.' एप्रिलमध्ये: 'गार्ड तयार आहे, लवकरच बसवला जाईल. मुदत ३० एप्रिल.' मे महिन्यात या कामाचा उल्लेखच नाही. फक्त मेची मिनिट्स वाचणाऱ्याला गार्ड बसला असंच वाटेल.

आता शब्दांची छाननी करा. 'प्रगतिपथावर', 'पाठपुरावा सुरू', 'संबंधितांना कळवले' यांतून कामाची स्थिती कळत नाही. 'गार्ड तयार आहे' हेही फसवं आहे, कारण तयार गार्ड वर्कशॉपमध्ये पडून असला तर पुलीजवळच्या माणसाला त्याचा काय उपयोग? 'पूर्ण' असं लिहिलेलं असेल तरी पुरावा मागा: बसवल्यानंतरचा फोटो, वर्क ऑर्डर बंद झाल्याची नोंद किंवा स्वतः पाहून आल्याची तारीख. पुरावा नसेल तर ते काम 'झाल्याचे सांगितले, तपासणी बाकी' या वेगळ्या रकान्यात टाका. हा रकाना मी आग्रहाने ठेवतो. तो नसला की न तपासलेली कामं झालेल्यांत मिसळून जातात.

यानंतर जागेवर जा. सगळी कामं पाहणं जमणार नाही, पण जिथे हातपाय किंवा जीव जाऊ शकतो ती पाहाच. आपल्या उदाहरणात ३१ मे रोजी गेलो तर काय दिसतं? गार्ड रंगवून वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. फिटर सांगतो, "बेल्ट चार तास बंद मिळाला की लगेच बसवतो." आणि पुलीखाली सांडलेला माल एक जण बेल्ट चालू असतानाच फावड्याने ओढतोय. धोका खरा तिथेच आहे, कारण बेल्ट पुलीवर जिथे आत जातो तिथे फावडं अडकलं की हातही आत ओढला जातो.

आता काम कशाने अडलंय ते स्पष्ट झालं. मेंटेनन्सकडून बाकी काही नाही. प्रॉडक्शनकडून बेल्ट बंद मिळत नाही, आणि ती वेळ मॅनेजरच ठरवून देऊ शकतात. टिपणीत हे असं उतरवा:

'कन्व्हेयर ३, टेल पुली गार्ड. मूळ मुदत १५ मार्च, एकदा वाढवली, ३१ मे रोजी ७७ दिवस उशीर. गार्ड तयार, बसवलेला नाही (३१ मे रोजी पाहिले). अडचण: बेल्ट ४ तास बंद मिळत नाही. तोपर्यंत: बेल्ट बंद करून, लॉकआउट लावल्याशिवाय पुलीखाली सफाई नाही, शिफ्ट सुपरवायझरला ३१ मे रोजी सांगितले. आपला निर्णय हवा: बेल्ट बंद ठेवण्याचा दिवस व वेळ.'

'तोपर्यंत' ही ओळ लांबलेल्या प्रत्येक धोकादायक कामाला हवी. तिथे लिहिण्यासारखं काही नसेल, तर 'तात्पुरता उपाय नाही' असं सरळ लिहा, आणि टिपणीची वाट न पाहता मॅनेजरना त्याच दिवशी फोन करा.

टिपणी एका पानाची ठेवा. वर मॅनेजरचा निर्णय हवा असलेली कामं, बहुधा दोन-तीनच निघतात. त्याखाली मुदत उलटलेली बाकीची, मग तपासणी बाकी असलेली. मुदतीत चाललेल्या कामांचा फक्त आकडा पुरे. क्रम लावताना उशिराच्या दिवसांपेक्षा इजा किती गंभीर होऊ शकते ते आधी पाहा. नव्वद दिवस रखडलेला सूचनाफलक या गार्डच्या वर जाता कामा नये.

पाठवण्याआधी प्रत्येक जबाबदार माणसाला त्याची ओळ दाखवा आणि दुरुस्ती सांगायला एक दिवस द्या. तारीख बदलायला सांगितली तर नवी तारीख पुढे जोडा, जुनी तशीच राहू द्या. मिनिट्समधून गळालेली कामं कमिटीच्या सचिवाकडेही पाठवा, म्हणजे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती पुन्हा येतील.