शेकहँड की पेनहोल्ड? आधी बॅकहँडचं काय ते ठरवा

टेबल टेनिसमध्ये मी पेनहोल्ड खेळतो, म्हणजे रॅकेट पेनसारखी धरतो, आणि ती सोडणारही नाही. तरी क्लबमध्ये कुणी नवा विचारायला आला, की त्याला शेकहँडच घे, म्हणजे हात मिळवल्यासारखी मुठीत रॅकेट धर, म्हणून सांगतो. यात विसंगती वाटेल, पण कारण ऐका.

पेनहोल्डचा पहिला महिना फार गोड असतो. मनगट खाली टेबलाकडे वळलेलं असल्यामुळे नेटजवळचा आखूड चेंडू अलगद परत टाकता येतो. सर्व्हिसला मनगट मोकळं फिरतं, फोरहँडला जोर येतो. बॅकहँडकडे आलेला चेंडू त्याच बाजूच्या रबराने पुढे ढकलला की काम भागतं, बाजू बदलायची भानगडच नाही. शेकहँडवाले तोवर रॅकेट सरळ धरायलाच शिकत असतात आणि आपण त्यांना हरवत असतो.

फास इथेच आहे. मी त्यात बराच काळ अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो. समोरच्याने आखूड बॅकस्पिन सर्व्हिस केली, तुम्ही ती छान आखूड परतवली. त्याने पुढचा चेंडू तुमच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात लांब आणि खालून कापून दिला. आता तुम्ही काय करणार? त्याच बाजूने पुन्हा पुश केलात, तर तो टॉपस्पिन मारायला टपलेलाच आहे. त्याच बाजूने वर उचलून मारायला हात नीट वळत नाही, जोर लागत नाही. डावीकडे सरकून फोरहँड मारलात, तर उजवा कोपरा सताड उघडा. त्याने साधा ब्लॉक तिकडे ठेवला, की दीड मीटर रुंदीचं टेबल ओलांडून धावायचं. कोरियाच्या र्यू सुंग-मिनने अशाच पायांच्या जिवावर २००४ चं अथेन्स ऑलिंपिक जिंकलं. आपण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर क्लबमध्ये येतो, हे विसरू नका.

अथेन्सच्या त्या फायनलमध्ये हरलेला वांग हावही पेनहोल्डच खेळायचा, पण त्याच्या रॅकेटला मागेही रबर होतं आणि बॅकहँड तो त्या मागच्या बाजूने मारायचा. यालाच रिव्हर्स बॅकहँड म्हणतात. सामना हरला, पण पुढे पेनहोल्ड टिकली ती याच फटक्यावर. २०२४ मध्ये पॅरिसला एकेरीत ब्राँझ घेणारा फ्रान्सचा फेलिक्स लेब्रूं हाच फटका खेळतो. म्हणून पेनहोल्ड घेणारच असाल, तर पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना रबर लावा आणि हा फटका शिका. मागे नुसतं लाकूड असेल आणि चेंडू त्यावर लागला, तर नियमाने पॉइंट समोरच्याचा.

हा फटका बोटांत आहे. नेहमीच्या ब्लॉकला अंगठा सैल आणि तर्जनी दाबलेली असते, रिव्हर्सला अंगठ्याने रॅकेट पुढे झुकवायची असते. टॉपस्पिनवर तुमचा चेंडू सारखा टेबलाबाहेर उडत असेल, तर खांद्याला दोष देण्याआधी अंगठा बघा, तो सैल सुटलेला असतो. मागची तीन बोटं थोडी दुमडलेली ठेवा. पसरली, तर ती चेंडूच्या वाटेत येतात.

कोचलाही एक विचारा: बॅकस्पिनवर रिव्हर्स मारून दाखवाल का? जो नुसतं ‘दोन्ही चालतं’ म्हणतो, त्याच्याकडे पेनहोल्ड शिकू नका. ‘पेनहोल्ड संपली’ म्हणणाऱ्याचंही मनावर घेऊ नका, पण शेकहँड मात्र त्याच्याकडे खुशाल शिका. व्हिडिओ बघून चीनच्या पेनहोल्डवाल्या शू शिनची नक्कल करायच्या नादाला तर लागूच नका. तो चेंडूपाशी कसा पोचतो, ते हात बघताना दिसत नाही.

शेकहँडला दुखणी नाहीत असं नाही. उजव्या हाताच्या कोपराकडे, अंगावर आलेला चेंडू फोरहँडने घ्यायचा की बॅकहँडने, हे ठरेपर्यंत तो निघून जातो. मी शेकहँडवाल्यांना तिथेच गाठतो. उपाय मात्र सोपा आहे: एक छोटं पाऊल बाजूला आणि फटका आधीच ठरवलेला. दुसरं म्हणजे सर्व्हिसला मनगट सुटावं म्हणून मुठीवरची बोटं सोडतात आणि परत धरायला विसरतात. मग पुढचा बॅकहँड कुठेही जातो. रॅकेट समोर धरून अंगठा आणि तर्जनीमधली खाच बघा, ती रॅकेटच्या कडेच्या रेषेत हवी. सरावात अधूनमधून एवढं पाहिलंत तरी वर्षभर कोच ओरडणार नाही.

एवढं वाचूनही पेनहोल्डच हवी असेल, तर घ्या, मीही घेतलीच की. फक्त शेकहँडची लांब मुठीची रॅकेट पेनसारखी धरू नका, मूठ मनगटात टोचते आणि हात वळत नाही. आखूड मुठीची चायनीज पेनहोल्ड ब्लेड मागा. अंगठा आणि तर्जनी टेकतात तिथल्या कडा बारीक पॉलिश पेपरने थोड्या थोड्या घासा, मधूनमधून धरून बघा. एकदम जास्त घासू नका, लाकूड परत चिकटवता येत नाही.