तेच प्रकाश-घड्याळ आडवं ठेवून पाहा: सापेक्षतावादाच्या स्लाइड्स समजावताना

बीएस्सीच्या सेमिनारमध्ये टाइम डायलेशनची स्लाइड बहुतेकांना जमते. लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन मात्र नुसतं सूत्र म्हणून पडद्यावर येतं आणि ऐकणारे ते मुकाट्याने उतरवून घेतात. खरं तर टाइम डायलेशनसाठी गाडीच्या डब्यात जे प्रकाश-घड्याळ, म्हणजे दोन आरशांमध्ये ये-जा करणारा किरण, दाखवतो, तेच आडवं केलं की लांबीचं आकुंचन आपोआप बाहेर पडतं.

आधी सोपे आकडे निवडा. शिवाजीनगरच्या फलाटावर एक निरीक्षक उभा आहे आणि गाडी प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने, न थांबता जाते आहे. डब्यात एक आरसा जमिनीवर, दुसरा बरोबर त्याच्या वर ३ मीटरवर. प्रकाश एका नॅनोसेकंदात ०.३ मीटर जातो असं धरलं, तर गाडी ०.१८ मीटर जाते. प्रवाशाच्या हिशेबाने प्रकाश वर जाऊन परत यायला २० नॅनोसेकंद लागतात.

फलाटावरून तोच किरण तिरका जाताना दिसतो. वर पोचायला t नॅनोसेकंद लागले, तर काटकोन त्रिकोणाचा कर्ण 0.3t, पाया 0.18t आणि उंची ३ मीटर.

```
(0.3t)² = (0.18t)² + 3²
0.24t = 3,  t = 12.5
```

म्हणजे जाऊन-येऊन २५ नॅनोसेकंद. २० चे २५ झाले, गुणक १.२५. वेग ०.९ पट घेतला तर त्रिकोण इतका पसरट होतो की स्लाइडवर नीट दिसत नाही.

उंची दोघांनाही ३ मीटरच का, हा प्रश्न येणारच. गाडीवर आणि फलाटावर सारखेच खांब उभे करा, दोन्हींच्या टोकाला एकेक खिळा. धावणारा खांब आखूड होत असेल, तर त्याचा खिळा फलाटाच्या खांबावर ओरखडा काढेल. पण प्रवाशाच्या दृष्टीने फलाटाचा खांब धावतोय, तेव्हा ओरखडा गाडीच्या खांबावर उठायला हवा. ओरखडा कुठे आहे यावर दोघांचं दुमत असू शकत नाही, म्हणून उंची बदलत नाही.

अॅनिमेशनमध्ये एक चूक सर्रास होते. उभ्या आणि तिरक्या किरणाच्या ठिपक्यांना सारखाच कालावधी दिला, तर तिरका ठिपका जास्त वेगाने पळतो आणि प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखा, हे गृहीतक पडद्यावरच मोडतं. ३ मीटरच्या मार्गाला २ सेकंद दिले असतील, तर ३.७५ मीटरच्या तिरक्या मार्गाला २.५ सेकंद द्या. पॉवरपॉइंटमध्ये `Smooth start` आणि `Smooth end` शून्यावर आणा, नाहीतर ठिपका सुरुवातीला आणि शेवटी रेंगाळतो.

आता आडवं घड्याळ. खालच्या आरशापासूनच, गाडीच्या दिशेने ३ मीटर पुढे आणखी एक आरसा ठेवा. दोन्ही किरण एकाच क्षणी सोडले, तर प्रवाशाला ते २० नॅनोसेकंदांनी एकत्रच परत आलेले दिसतात. एकाच जागी एकत्र येणं ही एक घटना आहे, ती फलाटावरच्यालाही मान्य करावी लागते. म्हणजे त्याच्या हिशेबाने आडवा किरणही २५ नॅनोसेकंदांतच परतला पाहिजे.

लांबी ३ मीटरच धरून बघा. जाताना पुढचा आरसा पळतोय, अंतर दर नॅनोसेकंदाला ०.१२ मीटरने मिटतं: २५ नॅनोसेकंद. येताना मागचा आरसा समोरून येतो, अंतर ०.४८ मीटरने मिटतं: ६.२५. बेरीज ३१.२५, जमत नाही. लांबी २.४ मीटर घ्या: २० आणि ५, बेरीज बरोबर २५. ही फसलेली बेरीज स्लाइडवरून गाळू नका. लांबी आखडल्याशिवाय हिशेब जुळत नाही, हे तिच्यामुळेच पटतं.

इथे कुणीतरी नक्की विचारेल, "प्रकाशाचा वेग कायम असतो ना, मग ०.१२ कुठून आलं?" तो प्रकाशाचा वेग नाही. फलाटावरच्या निरीक्षकाने प्रकाश ०.३ ने आणि आरसा ०.१८ ने जाताना मोजला, आणि दोघांमधलं अंतर किती झपाट्याने घटतं ते काढलं. त्याच्यासाठीही प्रकाश ०.३ नेच चाललाय.

गाडीचं खरं उदाहरण द्यायचा मोह होतो, पण पुणे-मुंबई गाडी घेऊ नका. ताशी १०० किलोमीटरला वेगाचा परिणाम १०¹⁵ भागांत सुमारे ४ इतका असतो. घाट उतरून मुंबईच्या उंचीवर आलं की गुरुत्वाकर्षणामुळे पडणारा फरक त्याच्या दहापटीहून मोठा होतो, आणि तो या स्लाइड्सचा विषयच नाही.

शेवटच्या स्लाइडवर २.४ मीटर कसे मोजले तेही दाखवा. फलाटावर जुळवलेली घड्याळं घेऊन माणसं ओळीने उभी आहेत. ठरलेल्या एकाच वेळी ज्याच्यासमोर मागचा आरसा होता आणि ज्याच्यासमोर पुढचा होता, त्या दोघांमधलं अंतर म्हणजे ती लांबी. प्रवासी म्हणेल की पुढच्या माणसाने खूण आधी केली आणि मागच्याने नंतर, म्हणून अंतर कमी भरलं. दोघांचं 'एकाच वेळी' वेगळं आहे, आणि डब्याचं लाकूड-लोखंड कुठेही दाबलं गेलेलं नाही.