रबर बदलण्याआधी: परात, पेपर आणि टॉर्च

वॉशिंग मशीनखाली पाणी दिसलं की आपण लगेच मेकॅनिकला फोन करतो, आणि तो दारातूनच सांगतो, "दाराचं रबर गेलंय वहिनी, बदलावं लागंल." आमच्याकडे हेच झालं. रबर धडधाकट होतं. म्हणून फोन करायच्या आधी काय काय हाताशी घ्यायचं आणि कुठून बघायला सुरुवात करायची ते लिहिते. हे सगळं फ्रंट लोड मशीनपुरतं, वरून झाकण असलेल्याला लागू नाही.

आदल्या रात्रीच एवढं बाजूला काढून ठेवा: एक टॉर्च, जुना टूथब्रश, दोन सुती फडकी, दातकोरण्या, पसरट परात, पाण्याची वाटी आणि चार-पाच जुने पेपर. पेपर सगळ्यात महत्त्वाचे. मशीनखालची फरशी कोरडी पुसून ते समोर आणि जमेल तेवढे खाली सरकवून पसरायचे. दाराच्या बरोबर खाली मधोमध ओलं झालं तर संशय रबरावर. ज्या बाजूला पावडरचा ड्रॉवर आहे (बहुतेक मशीनला वर डावीकडे) त्या बाजूला ओलं झालं आणि ड्रॉवरखालच्या पत्र्यावर ओघळ दिसला तर ड्रॉवरवर. मागच्या बाजूला ओल असेल तर पाण्याच्या पाईपचा जोड तपासा, तो विषय वेगळा.

कुठे ओलं झालं याइतकंच कधी झालं तेही बघायचं. म्हणून त्या दिवशी मशीन लावून बाजारात जायचं नाही, स्टूल टाकून बसायचं. मशीन पाणी घेत असतानाच गळती सुरू झाली तर बहुधा ड्रॉवर. ड्रम फिरायला लागल्यावर थेंब आले तर रबर किंवा फेस. यातलं कुठलं, ते ओळखायला एक फेरी कपडे आणि पावडर न घालता, नुसती खळबळायची लावा. पावडरशिवाय एक थेंबही आला नाही तर रबराला दोष देऊ नका, फेस जास्त होतोय. हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली की असंच होतं. या मशीनमध्ये पाणी कमी आणि आपटणं जास्त, त्यामुळे फेस वाढत जाऊन ड्रॉवरच्या फटीतून नाहीतर दारातून बाहेर येतो. रिकाम्या फेरीतही काचेवर फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांचा साठलेला आहे, तो निघेपर्यंत अशाच एक-दोन रिकाम्या फेऱ्या काढायच्या.

आता आमची गोष्ट. भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो आणि पहाटे तालमीत जातो. त्याचे लांगोट आणि टॉवेल म्हणजे अर्धी तालीम घरी येते. सकाळी धुणं लावलं की साधारण पंधरा मिनिटांनी दाराखालच्या पेपरवर वाटीएवढा ओला गोल. काढ-घाल करण्याआधी प्लग काढला, नळ बंद केला. (काचेतून पाणी दिसत असेल तर दार उघडूच नका, आधी खालच्या फिल्टरजवळच्या बारीक नळीने परातीत सोडून घ्या. गरम पाण्याची फेरी झाली असेल तर निवू द्या.) मग रबराची आतली घडी दोन्ही हातांनी बाहेर ओढून टॉर्च मारला. तळाशी लाल चिखल, त्यात केसांचा गुंता आणि एक रुपयाचं नाणं.

त्या घडीच्या तळाशी बारीक भोकं असतात. घडीत साचलेलं पाणी तिथून पुन्हा टबात जातं. आमची भोकं मातीने बुजली होती, म्हणून पाणी घडीतच उभं राहायचं. पण पेपर ओला व्हायचं खरं कारण ते नव्हतं. काचेच्या फुगीर भागाला रबराची कड जिथे टेकते, तिथे तळाशी मातीचा कडक थर बसला होता, बोट फिरवलं की खरखर लागायचा. त्या खरखरीने कड काचेला पूर्ण टेकत नव्हती. लांगोटाची नाडी किंवा कपड्याचा कोपरा दारात अडकला तरी हेच होतं.

साफ करताना भोकं दातकोरणीच्या बोथट टोकाने मोकळी करा. सुई किंवा पिन अजिबात नको, रबर फाटलं तर खरंच बदलावं लागेल. घडी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा, काच आतून गोल पुसा. काळे बुरशीचे डाग ब्लीच पाण्यात पातळ करून निघतात, पण त्याच दिवशी तिथे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड लावायचं नाही, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. शेवटी रबर अंगठ्यांनी थोडं थोडं ताणत पूर्ण गोल फिरून बघा, विशेषतः खालचा अर्धा भाग. चीर दिसली तर मात्र चिकटपट्टी, एम-सील वगैरे प्रयोग करू नका. रबर सतत हलतं, काहीही टिकत नाही.

ड्रॉवरचं काम सोपं, पण आमच्यासारख्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ते टाळू नये. टाकी डोक्यावरच असते, पाण्याला जोर नसतो, त्यामुळे पावडर पूर्ण वाहून जात नाही. ती ओली होऊन मागच्या तोंडाशी ढेकूळ धरते आणि पुढचं पाणी उलटं ड्रॉवरच्या तोंडाकडे येतं. प्रेशर पंप बसवलेला असेल तर उलट पाणी उसळून बाहेर उडतं, तिथे नळ थोडा कमी सोडून बघा. ड्रॉवर पूर्ण ओढा, मधली पट्टी दाबली की तो बाहेर निघतो. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, उकळतं नको, प्लास्टिक वाकडं होईल. फॅब्रिक कंडिशनरच्या कप्प्यातली टोपी वेगळी निघते, तिच्या आतला बुळबुळीत थर ब्रशने काढा. ती चोंदली की तो कप्पा भरून सांडतो.

ड्रॉवर निघालेल्या खोबणीत टॉर्च मारून छत बघायला विसरू नका. पाणी तिथल्या बारीक भोकांतून पडतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर तिथे पांढरा क्षार दिसेल. भोकं बुजली की धार तिरकी जाते, ती ब्रशने घासून मोकळी करा. मग मगभर कोमट पाणी हळूहळू आत ओता. गुडगुड करत टबात गेलं तर नळी मोकळी. जागीच उभं राहिलं तर नळी आतून चोंदली आहे, ते काम मेकॅनिकचंच.

वाटी आहे ती मशीनवर पाणी भरून ठेवायला. पाणी पुढच्या काठाकडे कललेलं दिसलं तर पुढचे पाय थोडे उंच करा. पुढे झुकलेल्या मशीनमधून ड्रॉवरचं पाणी लवकर बाहेर येतं.

एवढं करून गळती राहिली, रबराला चीर सापडली, किंवा मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी झिरपत असेल (तो आत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा दोष, लगेच नळ बंद करा) तर खुशाल बोलवा. फोनवर "गळतंय" एवढंच सांगू नका. पाणी घेताना गळतं की फिरताना, पेपर कुठे ओला होतो, पावडरशिवाय गळलं की नाही, हे सांगा. शिवाय दाराच्या कडेला किंवा मागे स्टिकर असतो, त्यावरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. रबर मॉडेलप्रमाणे मिळतं, आणि नंबर नसला की मेकॅनिकची पहिली फेरी नुसती बघण्यातच जाते.