थकलेल्या बिलाचं पत्र : ठाम, पण शुद्ध

थकलेल्या पैशाचं पत्र कसं लिहावं म्हणून विचारलं की लोक दोनच सल्ले देतात. एक, ‘गोडीगुलाबीनं घ्या, गिऱ्हाईक तुटेल.’ दुसरा, ‘वकिलाची नोटीस ठोका.’ पहिल्यानं पैसे येत नाहीत आणि दुसऱ्याची वेळ बहुतेकदा आलेलीच नसते. मधला मार्ग आहे एका पानाच्या पत्राचा.

उदाहरण आमच्या भागातलंच घेऊ. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी करणारा एक छोटा कारखाना आहे. त्यानं १२ फेब्रुवारीला तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला २,७०० खोकी पोचवली. बिल करासह ८६,४०० रुपयांचं, उधारी ३० दिवसांची, म्हणजे १४ मार्चपर्यंत पैसे यायला हवे होते. २२ मार्चला ३०,००० आले. बाकी ५६,४०० साठी फोन केला की एकच उत्तर मिळतं, ‘सौदे निघू देत, दर लागला की देतो.’ त्याचा बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये आणि आपले पैसे त्याच्या बेदाण्यात!

बिल, सही-शिक्क्याचं चलन, ऑर्डर आणि खातेउतारा समोर घेऊन बसा. वर विषय लिहा, ‘बिल क्र. २१४ ची थकबाकी रु. ५६,४००’. मग झालेले व्यवहार तारखेच्या क्रमानं चार वाक्यांत. इथपर्यंत काही अवघड नाही.

घोडं अडतं ते मागणीच्या वाक्यापाशी. माझाही सगळ्यात जास्त वेळ तिथंच जायचा. नेहमीचं वाक्य असं असतं : ‘तरी कृपया आपले बिल लवकरात लवकर अदा होणेस विनंती आहे.’ ऐकायला कचेरीतलं, भारदस्त वाटतं. पण यात पैसे कोणी द्यायचे हे नाही, किती द्यायचे हे नाही आणि कधी हेही नाही. ‘अदा होणे’ म्हटलं की बिल आपोआप अदा होणार, समोरच्यानं काही करायची गरजच नाही असा सूर लागतो. ‘आपले बिल’ म्हणजे त्याचं की आपलं, तेही कळत नाही. आणि ‘लवकरात लवकर’ ही तारीख कॅलेंडरात सापडत नाही.

त्या जागी हे वाक्य लिहा :

‘आपण हे रु. ५६,४०० मंगळवार, ५ मे २०२६ रोजी किंवा त्यापूर्वी खालील खात्यात जमा करावेत.’

कर्ता आहे, रक्कम आहे, वार-तारीख आहे. ‘५ मेपर्यंत’ म्हटलं की पाच तारीख धरायची की सोडायची यावर घोळ घालणारे महाभाग असतात, म्हणून ‘रोजी किंवा त्यापूर्वी’. वार घालायचा कारण मग तो दिवस रविवार निघत नाही. पत्र २१ एप्रिलचं असेल तर चौदा दिवस मिळतात, तेवढे पुरेत.

आता व्याकरण. हे शाळेतल्या मार्कांसाठी नाही. पत्र उद्या त्याच्या सीएपुढं किंवा एखाद्या अधिकाऱ्यापुढं जाऊ शकतं, आणि गबाळ्या वाक्याचा अर्थ वाचणारा आपल्या सोयीनं लावतो. रुपये अनेकवचनी, म्हणून ‘जमा करावेत’. रक्कम स्त्रीलिंगी, म्हणून ‘जमा करावी’. ‘रक्कम जमा करावे’ असं कितीतरी लेटरहेडांवर दिसतं. सुरुवात ‘आपण’नं केली असेल तर शेवटपर्यंत ‘आपण’च ठेवा. तिसऱ्या ओळीत राग आला की ‘तुम्ही’ होतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. ‘कृपया’ आणि ‘ही नम्र विनंती’ एकाच वाक्यात नकोत. मी तर मागणीच्या वाक्यात दोन्ही घालत नाही. ‘करावेत’ पुरेसं सभ्य आहे.

पुढची अडचण ‘अन्यथा’ची. ‘अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून त्याला कुणी भीत नाही. जे खरंच करणार आहात तेवढंच लिहा :

‘या तारखेपर्यंत पूर्ण रक्कम जमा न झाल्यास ६ मेपासून आम्ही आपणास उधारीवर माल देणार नाही आणि एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार व्याजासह वसुलीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करू.’

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा हा कायदा म्हणजे पोकळ धमकी नाही, आणि फॅसिलिटेशन कौन्सिल म्हणजे अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणारी सरकारी यंत्रणा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मात्र तुमची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. नंतर काढून जुन्या बिलाला लावायला गेलात तर वाद ओढवून घ्याल. तुम्ही स्वतः माल बनवत नसून नुसती खरेदी-विक्री करत असाल, तर हा आधार मिळेल असं धरू नका. तेव्हा दुसऱ्या वाक्यातला अर्धा भाग काढा आणि उधारी बंद एवढंच ठेवा. हंगामात खोकी मिळाली नाहीत तर व्यापाऱ्याचं काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

व्यापाऱ्याचा सीए समजूतदार असेल तर आणखी एक गोष्ट कामाला येते. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम खरेदीदाराला आयकराच्या हिशेबात प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते. ५६,४०० मार्चअखेर मुदतीबाहेर थकले, म्हणजे त्याचा करपात्र नफा त्या वर्षी कागदावर वाढला. पत्राची एक प्रत त्याच्या हिशेबनिसाकडं जाईल असं बघा. हे पत्रात लिहायची गरज नाही.

शेवटी ‘काही शंका अथवा तक्रार असल्यास कळवावे’ ही ओळ लोक सवयीनं टाकतात. टाकू नका. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर कायद्यानं माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. फेब्रुवारीतली खोकी ओली होती हे त्याला एप्रिलात आठवावं अशी सोय आपणच कशाला करून द्यायची? ‘आपले सहकार्य अपेक्षित आहे’ हेही नको. सही, शिक्का, खाते क्रमांक, आयएफएससी, आणि सोबत बिल, चलन व उताऱ्याच्या प्रती.

पत्राची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आणि मेलवर पाठवा आणि कागद स्पीड पोस्टानं, पोच घेऊन. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, ते शोधत बसू नका. व्हॉट्सॲपवर ‘हो, बाकी आहे, बघतो’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. रक्कम मान्य असल्याचा तो पुरावा आहे.

पत्र गेल्यावर फोन येतोच. ‘पत्र कशाला, एवढी वर्षांची ओळख.’ वाद घालू नका, तारीख तेवढी पुन्हा सांगा. ५ मेला बहुधा वीस-पंचवीस हजार येतात, तोंड बंद करायला. ते आले की त्याच दिवशी दोन ओळी पाठवा : ‘रु. २५,००० मिळाले. उर्वरित रु. ३१,४०० ची मुदत आज संपत आहे.’ धन्यवाद म्हणायचं ते उरलेले आल्यावर, आणि सहा तारखेला त्याचा टेम्पो खोकी न्यायला आला तर चलन फाडण्याआधी रोख मागा.