सगळीच कामं 'अर्जंट आणि महत्त्वाचं'मध्ये जातात? हे करून बघा

ऐरोलीहून ठाण्याला कॉलेजला जाते, आठवड्याची कामं अर्जंट आणि महत्त्वाचं, नुसतं महत्त्वाचं, नुसतं अर्जंट आणि दोन्ही नाही अशा चार चौकटींत टाकायला बसले की सगळी पहिल्याच चौकटीत जायची, बाकी तीन रिकाम्या, अक्षरशः रडू यायचं. रंगीत पेनं, अॅप, तारखेप्रमाणे यादी, कशाने फरक नाही, कारण तारीख समोर असली की प्रत्येक काम महत्त्वाचंच वाटतं.

चाललं ते असं. रविवारी तारखा न टाकता नुसती कामं लिहायची. मग प्रत्येकाला एकच प्रश्न, हे नाही केलं तर मार्क, अटेंडन्स किंवा पैसे जातील का? हो असेल तरच महत्त्वाचं. तारखा त्यानंतर, आणि मंगळवार रात्रीपर्यंतचं तेवढंच अर्जंट. सोमवारचं जर्नल सबमिशन पहिल्या चौकटीत, पुढच्या महिन्यातला मिनी प्रोजेक्ट दुसऱ्या, फेस्टच्या ग्रुपवरचं 'पोस्टर आजच पाठवा' तिसऱ्या, ते मैत्रिणीने घेतलं, आणि नोट्स परत सुंदर अक्षरात उतरवणं चौथ्या, म्हणजे कट.

दुसऱ्या चौकटीत नुसतं 'प्रोजेक्ट' लिहिलं तर ते तिथेच पडून राहतं, म्हणून 'ईआर डायग्राम काढणे, बुधवार ४ ते ५:३०, लायब्ररी' इतकं बारीक लिहा. परीक्षेच्या आठवड्यात मात्र हे चालत नाही, तेव्हा साधी तारखांची यादीच बरी.