इलेक्ट्रिक स्कूटर की पेट्रोल? खर्चाचा खरा हिशेब असा मांडा

शोरूममध्ये इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशेब एका वाक्यात सांगितला जातो: "किलोमीटरला पंचवीस पैसे." पेट्रोलवाला दुसऱ्या वाक्यात तो उडवून लावतो: "आणि बॅटरी गेली की पन्नास हजार." दोन्हींत तथ्य आहे, पण एवढ्यावर गाडी घेऊ नये. खरा हिशेब तासाभरात वहीवर होतो आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरासाठी वेगळं येतं. ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: गाडी वर्षाला किती चालते आणि ती चार्ज कुठे होते.

उदाहरणासाठी पुण्यातलं एक घर धरू. हडपसरहून शिवाजीनगरला नोकरीसाठी रोज ये-जा, अधूनमधून भाजी-किराणा. दिवसाला सरासरी ३० किलोमीटर, वर्षाला साधारण ९,००० किलोमीटर. पुढचे आकडे या घरासाठी धरलेले आहेत, तिथे तुमचे टाका.

पहिली पायरी: ऑन-रोड किंमत, तीही आजची

एक्स-शोरूम किंमत बाजूला ठेवा. दोन्ही गाड्यांचं ऑन-रोड कोटेशन एकाच आठवड्यात, लेखी घ्या. जुन्या तुलना आता चालत नाहीत, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून नेहमीच्या पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर इलेक्ट्रिकवरचा आधीपासून ५ टक्केच होता. फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपल्यानंतर केंद्राचं अनुदानही कमी होत गेलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी किमती हलल्या आहेत.

इलेक्ट्रिकच्या कोटेशनमध्ये चार्जर, वाढीव बॅटरी वॉरंटी आणि ॲपच्या सुविधांचं पॅकेज धरलंय का, ते विचारा. या तीन ओळी वेगळ्या निघाल्या की किंमत सहज दहा-पंधरा हजारांनी वाढते. सोसायटीत तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल, एमसीबी आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसवायचा असेल, तर इलेक्ट्रिशियनचा तो खर्चही याच रकान्यात लिहा.

आपल्या उदाहरणात ११० सीसीची पेट्रोल स्कूटर १,००,००० रुपयांना आणि ३ किलोवॉट-तास बॅटरीची इलेक्ट्रिक, वाढीव वॉरंटीसकट, १,३०,००० रुपयांना धरू. कर्ज काढणार असाल तर जास्तीच्या ३०,००० वरचं व्याजही मिळवा.

दुसरी पायरी: किलोमीटरचा खर्च

पेट्रोलचं सोपं आहे. टाकी फुल करा, ओडोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असं तीन वेळा करून सरासरी घ्या. शहराच्या गर्दीत ४२ चा ॲव्हरेज आणि १०४ रुपये लिटर धरला तर किलोमीटरला सुमारे अडीच रुपये. वर्षाचे २२,३०० रुपये.

विजेच्या बाबतीत मात्र दोन ठिकाणी हिशेब चुकतो. स्कूटरचं ॲप किलोमीटरला समजा ३० वॉट-तास दाखवतं. ती बॅटरीतून गेलेली वीज झाली. चार्ज होताना चार्जर तापतो, बॅटरी तापते, आणि दहा-पंधरा टक्के वीज तिथेच जाते. मीटरवर पडते ती वीज किलोमीटरला सुमारे ३५ वॉट-तास, म्हणजे १०० किलोमीटरला साडेतीन युनिट. खात्री करायची तर १६ अँपिअरचा युनिट मोजणारा प्लग मिळतो, तो आठवडाभर लावून बघा.

दुसरी चूक दराची. बहुतेक जण बिलाची रक्कम भागिले युनिट करतात आणि तोच दर धरतात. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. स्कूटरचे युनिट तुमच्या घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना शेवटच्या टप्प्याचा दर लागतो. बिल उलटून त्या टप्प्याचा वीज आकार बघा, त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार असेल तर तोही, आणि एकूण बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार घेऊ नका; तो स्कूटर नसतानाही भरावाच लागतो.

आपल्या घराचा महिन्याचा वापर १८० युनिट आहे. स्कूटरचे महिन्याला साधारण २६ युनिट दुसऱ्या टप्प्यातच पडतात. सगळं मिळून दर १३ रुपये धरला तर वर्षाच्या ३१५ युनिटचे ४,१०० रुपये, किलोमीटरला पंचेचाळीस पैसे. शोरूमच्या पंचवीस पैशांपेक्षा बरेच जास्त, तरी पेट्रोलच्या पाचव्या भागापेक्षा कमी. उन्हाळ्यात एसी लावल्याने वापर ३०० च्या पार गेला, तर फक्त वरच्या युनिटना महाग दर लागतो. पूर्ण बिल वरच्या दराने लागतं हा समज चुकीचा आहे. ज्यांच्या घरी सौर पॅनेल आहे, त्यांचा हिशेब याहून हलका होईल.

घरी चार्जिंगची सोयच नसेल तर मात्र थांबा आणि जवळच्या सार्वजनिक चार्जरचा दर काढा. काही ठिकाणी युनिटवर पैसे घेतात, काही ठिकाणी मिनिटावर. मिनिटावर असेल तर एकदा चार्ज करून किती युनिट भरले ते बघून दर युनिटवर आणा. युनिट २५ रुपयांना पडत असेल तर किलोमीटरचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, शिवाय रांगेतला वेळ वेगळाच.

तिसरी पायरी: सर्व्हिसिंग

पेट्रोल स्कूटरला ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग लागतात, आणि वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास बेल्ट-रोलर. वर्षाला पीयूसी धरून ४,००० रुपये सरासरी ठेवा. इलेक्ट्रिकला यातलं बहुतेक काही नाही. ब्रेक, बेअरिंग, काही मॉडेलमध्ये बेल्ट. वर्षाला २,००० पुरतात. टायर दोन्हीकडे लागतात, फक्त इलेक्ट्रिकचं वजन आणि सुरुवातीचा जोर जास्त असल्याने मागचा टायर लवकर झिजू शकतो. विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीमुळे इलेक्ट्रिकला थोडा वर जातो. वर्षाला ५०० रुपये जास्त धरू.

एक फरक पैशांत नीट मांडता येत नाही, पण तो खरा आहे. पेट्रोल स्कूटर कुठलाही गॅरेजवाला उघडतो. इलेक्ट्रिकचा कंट्रोलर किंवा डिस्प्ले वॉरंटीनंतर गेला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरखेरीज पर्याय नसतो आणि सुटा भाग महाग असतो. म्हणून घेण्याआधी तुमच्या भागातल्या सेंटरच्या दारात उभ्या असलेल्या दोन-तीन ग्राहकांना विचारा, गाडी किती दिवसांत परत मिळते. या प्रश्नाचं उत्तर किमतीतल्या पाच हजारांच्या फरकापेक्षा मोलाचं आहे.

चौथी पायरी: बॅटरी कधी बदलावी लागेल?

इथे घाबरून किंवा भारावून निर्णय होतात. बॅटरी एका दिवसात मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते. वॉरंटीच्या कागदावर साधारणपणे वर्षं आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेले असतात, जे आधी संपेल ते लागू. सोबत क्षमतेची एक मर्यादा असते, बऱ्याचदा ७० टक्के. त्याखाली उतरली तरच दावा बसतो. पाण्यात बुडालेली गाडी, चुकवलेली सर्व्हिस अशा कारणांनी वॉरंटी रद्द होते का आणि दुसऱ्या मालकाला ती मिळते का, हे त्याच कागदावर वाचा. शेवटचा मुद्दा विकताना कामाला येतो.

आता तुमची रोजची गरज बघा. नवी असताना प्रत्यक्ष ९५ किलोमीटर जाणारी गाडी ७० टक्क्यांवर आल्यावर साधारण ६६ जाते. ज्याला रोज ३० लागतात, त्याला त्या दिवशीही बॅटरी बदलायची गरज नाही. ज्याला रोज ८० लागतात, तो त्याच्या खूप आधी अडतो. म्हणून बदलायचं वर्ष दुसऱ्याचं ऐकून लिहू नका. प्रत्यक्ष पल्ल्याचे ७० टक्के काढा आणि त्यात तुमचा सर्वांत लांबचा दिवस बसतो का ते पाहा.

तरी सावध हिशेबात बदलाची रक्कम धरावीच. डीलरकडून आजची बॅटरीची किंमत लेखी घ्या. आपण ५५,००० धरू आणि ती आठ वर्षांत एकदा लागेल असं मानू. बॅटरी भाड्याने देणारी योजना घेत असाल तर गाडी स्वस्त पडते, पण मग महिन्याचं भाडं वीजखर्चात मिळवायला विसरू नका.

पाचवी पायरी: बेरीज

पाच वर्षांसाठी, ४५,००० किलोमीटरला:

पेट्रोल: गाडी १,००,०००, इंधन १,११,५००, सर्व्हिसिंग २०,०००. बेरीज २,३१,५००. विकताना ४५,००० आले तर निव्वळ १,८६,५००.

इलेक्ट्रिक: गाडी १,३०,०००, वीज २०,५००, सर्व्हिसिंग १०,०००, जादा विमा २,५००. बेरीज १,६३,०००. जुन्या बॅटरीमुळे विक्रीचे ३०,०००च धरले तर निव्वळ १,३३,०००.

फरक ५३,५०० रुपयांचा, इलेक्ट्रिकच्या बाजूने.

हीच गाडी आठ वर्षं ठेवून मध्ये बॅटरी बदलली आणि शेवटी दोन्ही गाड्यांना प्रत्येकी २५,००० मिळाले, तर पेट्रोल २,८५,४०० आणि इलेक्ट्रिक २,१२,८०० पडते. वर्षाला ९,००० किलोमीटर चालणाऱ्या माणसाला बॅटरीचा पूर्ण खर्च सोसूनही इलेक्ट्रिक परवडते, असं मी ठामपणे म्हणेन.

पण त्याच घरातल्या आजोबांची गाडी मंडई, बँक आणि मंदिर एवढीच फिरते, वर्षाला ३,००० किलोमीटर. त्यांची किलोमीटरमागे दोन रुपयांची बचत वर्षाला सहा हजारांच्या आसपास जाते, पाच वर्षांत ३०,०००. तेवढे तर गाडी घेतानाच जास्त गेले, वर विकताना पंधरा हजार कमी मिळाले. त्यांना पेट्रोल गाडीच स्वस्त पडते. आठ वर्षं ठेवली आणि बॅटरी बदलावी लागली तर तोटा आणखी वाढतो, कारण बॅटरी उभ्या गाडीतही वयानुसार उतरते; कमी फिरवल्याने ती दुप्पट वर्षं टिकत नाही.

या आकड्यांत, सर्व्हिसिंगचा खर्च किलोमीटरच्या प्रमाणात धरला तर, पाच वर्षांत दोन्ही बाजू समान होतात ते वर्षाला साधारण ४,२०० किलोमीटरला, आणि आठ वर्षं ठेवून बॅटरी बदलाचा खर्च धरला तर ५,००० च्या जवळपास. आठवड्याला शंभर किलोमीटर म्हणजे जवळजवळ तेवढेच. तुमच्या सध्याच्या गाडीचा ओडोमीटर आणि खरेदीची तारीख यावरून वर्षाचे किलोमीटर काढा. ते सहा हजारांच्या वर असतील आणि घरी सॉकेट असेल तर पुढची चौकशी इलेक्ट्रिकची करा. चारच्या खाली असतील तर पेट्रोलची. मधल्या पट्ट्यात असाल तर सर्व्हिस सेंटर जवळ आहे का आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आहे, या दोन गोष्टींवर ठरवा.